दहावी-बारावीविना पदवी: गोव्यातून खुल्या असलेल्या दोन वाटा

सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या आणि आता तिशी-चाळिशीत असलेल्या गोमंतकीयाला पदवी घ्यायची असेल, तर गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयाचे दार त्याच्यासाठी बंद असते, कारण तिथे बारावीचे प्रमाणपत्र लागते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम महाराष्ट्रातील नातेवाईक हमखास सुचवतात. परंतु राज्य मुक्त विद्यापीठांचे कार्यक्षेत्र आपापल्या राज्यापुरते असल्याने गोव्यात राहणाऱ्याने त्यावर विसंबू नये. उरतात त्या दोन वाटा. पहिली म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे इग्नूचा, पदवीपूर्व तयारीचा अभ्यासक्रम, ज्याला सर्वजण बीपीपी म्हणतात. दुसरी म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) आधी दहावी, मग बारावी आणि त्यानंतर पदवी.

बीपीपीला पूर्वशिक्षणाची अट नाही. वय मात्र अठरा पूर्ण असावे लागते. सामान्य गणित, सामाजिक शास्त्रे आणि वाणिज्य या तीन विषयांपैकी दोन निवडायचे असतात, त्यामुळे गणिताची धास्ती असलेल्याला ते टाळता येते. किमान कालावधी सहा महिन्यांचा आहे आणि परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असते. उत्तीर्ण झाल्यावर इग्नूच्याच बी.ए., बी.कॉम. यांसारख्या ठरावीक पदव्यांना प्रवेश मिळू शकतो. मात्र अर्ज भरण्याआधी त्या सत्राच्या यादीत बीपीपी आहे ना, आणि हव्या असलेल्या पदवीच्या पात्रतेत त्याचा स्पष्ट उल्लेख आहे ना, हे पणजीच्या प्रादेशिक केंद्रात पाहून घ्यावे. पदवीगणिक ही अट बदलते.

एनआयओएसच्या दहावीलाही शाळेचा दाखला नसला तरी चालतो. जन्मतारखेचा पुरावा आणि आपण हा अभ्यास करू शकतो असे स्वतःचे निवेदन द्यावे लागते. पाच विषय घ्यायचे असतात आणि त्यांत गणित सक्तीचे नाही. मराठी, गृहविज्ञान, सामाजिक शास्त्र असे विषय घेता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि एका बैठकीत दोनच विषयांत उत्तीर्ण झाले तरी ते जमा राहतात. दुकान किंवा घर सांभाळून शिकणाऱ्याला याचा फार मोठा आधार असतो. दहावीला मराठी माध्यम मिळते. बारावीला मात्र ते गृहीत न धरता विषयागणिक चौकशी करावी.

आता वेळेचा हिशेब पाहू. डिचोलीतील आठवी शिकलेल्या एका गृहिणीने जुलै २०२६ मध्ये बीपीपी घेतले, असे समजू. डिसेंबरमध्ये परीक्षा, निकाल वेळेवर लागला तर जानेवारी २०२७ च्या सत्रात, नाहीतर जुलैमध्ये बी.ए. ला प्रवेश, आणि सर्व विषय वेळेत सुटले तर २०३० च्या सुमारास पदवी. तिनेच त्या जुलैत एनआयओएसची दहावी घेतली, तर एप्रिल-मे २०२७ मध्ये परीक्षा होईल. दहावी आणि बारावी यांच्यात दोन वर्षांचे अंतर लागत असल्याने बारावीचे प्रमाणपत्र २०२९ मध्ये आणि पदवी २०३२ मध्ये मिळेल. फरक साधारण दोन वर्षांचा आहे.

ही दोन वर्षे काय देतात, यावरच निर्णय ठरायला हवा. बीपीपीचे प्रमाणपत्र बारावीच्या समकक्ष नाही. ते केवळ इग्नूच्या दारातून आत जाण्यापुरते असते. पदवी हातात आली तरी दहावी-बारावीचे रकाने रिकामेच राहतात. गोवा सरकारच्या कनिष्ठ लिपिक पदाची मूळ शैक्षणिक पात्रता बारावीची आहे आणि कोकणीचे ज्ञानही लागते. अशा ठिकाणी अर्जाची छाननी करणारा आधी बारावीची गुणपत्रिका मागतो. तमिळनाडू सरकारने तर २००९ मध्ये आदेश काढून, दहावी-बारावी न करता मुक्त विद्यापीठातून घेतलेल्या पदव्या आपल्या सेवाभरतीसाठी अग्राह्य ठरवल्या. तो आदेश गोव्याला लागू नाही, पण भरतीच्या नियमांत ‘दहावी, बारावी, मग पदवी’ हा क्रम किती जड ठरू शकतो, ते त्यावरून कळते. पदवीनंतर मागाहून बारावी करून हा क्रम दुरुस्त होईल, असेही समजू नये.

म्हणून माझे मत असे आहे की, नोकरी, बढती किंवा पुढे अन्य विद्यापीठात शिकण्याचा विचार मनात असेल, तर चाळिशीतही एनआयओएसचीच वाट धरावी. त्या वाटेवर मध्येच थांबावे लागले, तरी हातात दहावी किंवा बारावी राहते, बीपीपीनंतर बी.ए. अर्धवट सुटली, तर बाहेर दाखवण्याजोगे फारसे काही उरत नाही. स्वतःच्या व्यवसायात स्थिर असलेल्या, वाचनाची सवय टिकवलेल्या आणि केवळ पदवीपर्यंतचे शिक्षण पुरे करण्याची ओढ असलेल्या माणसासाठी बीपीपी हा सरळ आणि प्रामाणिक मार्ग आहे.

‘एका वर्षात दहावी-बारावी’ अशी हमी देऊन पैसे मागणाऱ्या दलालापासून मात्र दोघांनीही दूर राहावे. वर सांगितलेले दोन वर्षांचे अंतर माहीत असले की ही थाप लगेच पकडता येते. तो एखाद्या वेगळ्याच मंडळाचे नाव सांगू लागला, तर ते मंडळ शालेय शिक्षण मंडळांच्या परिषदेच्या, म्हणजे ‘कॉब्से’च्या, यादीत आहे का हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.