वरची गॅलरी मोकळी ठेवायची की काचेने बंद करायची? अॅट्रियमच्या धुराचा हिशेब

जळगावात तळमजला अधिक तीन मजल्यांचं व्यापारी संकुल उभं राहतंय असं धरू. मधोमध अॅट्रियम, म्हणजे सगळ्या मजल्यांमधून वर जाणारी मोकळी जागा, जमिनीपासून छतापर्यंत 18 मीटर. मजले 4.5, 9 आणि 13.5 मीटरवर. मालकासमोर दोन नकाशे आहेत. पहिल्यात तिसऱ्या मजल्याची गॅलरी अॅट्रियमकडे मोकळी आहे. दुसऱ्यात ती काचेने बंद आहे आणि तिथल्या लोकांना खाली उतरायला स्वतंत्र जिना आहे. दिसायला पहिला सुंदर, यात वाद नाही. पण धूर बाहेर काढणाऱ्या पंख्यांचा आणि हवा आत घेणाऱ्या दारांचा खर्च इथेच ठरतो, म्हणून आधी धुराचं गणित करू.

आग तळमजल्यावर, 5 मेगावॉटची धरली. त्यातली सुमारे 70 टक्के, म्हणजे 3500 किलोवॉट उष्णता धुराच्या लोटाबरोबर वर जाते. हा लोट चढताना आजूबाजूची स्वच्छ हवा ओढत जातो, त्यामुळे धूर म्हणून जे बाहेर काढायचं त्यातला बहुतेक भाग ही ओढलेली हवाच असते. तिचं वजन NFPA 92 या धूर-नियंत्रणाच्या अमेरिकी मानकातल्या या सूत्रानं निघतं:

```
m = 0.071 * Qc^(1/3) * z^(5/3) + 0.0018 * Qc
```

m म्हणजे सेकंदाला किलो, Qc किलोवॉटमध्ये, आणि z म्हणजे आगीपासून धुराच्या थराच्या तळापर्यंतची उंची, मीटरमध्ये. थर सर्वांत वरच्या मोकळ्या गॅलरीच्या जमिनीपासून 2 मीटर वर राहायला हवा, म्हणजे तिथून पळणाऱ्याचं डोकं धुरात जाणार नाही. पहिल्या नकाशात z 15.5 मीटर येतो आणि धूर सेकंदाला 110 किलो. दुसऱ्यात z 11 मीटर आणि धूर 65 किलो. साडेचार मीटरचा फरक, पण धूर जवळजवळ 70 टक्के जास्त. याउलट दुसऱ्या नकाशात आग दुप्पट धरली तरी धूर तिसऱ्या हिश्शानंच वाढतो. म्हणून आगीच्या आकड्यावर तासभर वाद घालण्याआधी थराची उंची ठरवा.

आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45 अंश असतं, ते धरून घनफळ काढलं. पहिल्याला छताशी सेकंदाला सुमारे 109 घनमीटर ओढावं लागतं, दुसऱ्याला 68. पहिल्यात आणखी एक अडचण आहे. थर फक्त अडीच मीटर जाड उरतो. वेगळा अभ्यास करून सिद्ध केलं नसेल तर NFPA उंचीच्या किमान 20 टक्के, म्हणजे इथे 3.6 मीटर थर मागतं. पातळ थरात एकाच तोंडातून जोरात ओढलं तर धुराऐवजी खालची स्वच्छ हवाच वर खेचली जाते. अडीच मीटरच्या थरात एका तोंडाची मर्यादा सेकंदाला सुमारे 13 घनमीटर येते, म्हणजे निदान नऊ तोंडं दूरदूर बसवावी लागतील. दुसऱ्या नकाशात थर सात मीटरचा, तिथे ही चिंता राहत नाही.

आता खालून येणारी हवा, जिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. जेवढं वर काढलं तेवढं खालून यायलाच हवं, आणि लोटाला लागणाऱ्या ठिकाणी तिचा वेग सेकंदाला 1 मीटरच्या आसपासच (NFPA ची मर्यादा 1.02) राहायला हवा. त्याहून जोरात आली तर लोट वाकतो, आणखी हवा ओढतो, धूर वाढतो आणि थर खाली येतो. दहावा हिस्सा फटींतून येईल असं धरलं तर पहिल्याला 89 चौरस मीटर उघडं क्षेत्र लागतं, दुसऱ्याला 53. 1.8 बाय 2.1 मीटरच्या दारांत मोजा: पहिल्याला चोवीस, दुसऱ्याला चौदा. 20 अंशाला केलेला हिशेब आपल्या उन्हाळ्याला पुरत नाही, कारण गरम हवा विरळ असते. 20 अंश धरले तर दुसऱ्या नकाशात 53 ऐवजी 49 चौरस मीटरच पुरेल असं दिसतं.

एका इमारतीच्या चाचणीत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. कागदावर दारं पुरेशी होती, पण रस्त्याकडची शटर अर्धी खाली होती. उरलेल्या दारात वेगमापक धरला तर काटा अडीच मीटरवर. मधोमध सोडलेला चाचणीचा धूर सरळ चढलाच नाही, पलीकडच्या दुकानांकडे कलला आणि पहिल्या मजल्याच्या कठड्यात शिरला. पंखे अगदी ठरल्याप्रमाणे चालत होते.

म्हणून माझा कौल दुसऱ्या नकाशाला. काचेचे जोड धूरबंद हवेत, आणि हवेचं तोंड म्हणून मोजलेली प्रत्येक शटर आगीचा इशारा मिळताच आपोआप वर जायला हवी. मोकळी गॅलरी हवीच असेल तर चोवीस दारांएवढी जागा तळमजल्यावर आजच आखून दाखवा. आखाजीला अॅट्रियममध्ये कापडी मांडव उभारायचा असेल, तर तेही आत्ताच सांगा. मग 5 मेगावॉट धरून चालणार नाही आणि दोन्ही आकडे पुन्हा काढावे लागतील.