जेकेपासून डी आणि एसआर फ्लिप-फ्लॉप: सत्रभर ब्रेडबोर्डवर वापरल्यानंतरचा अनुभव

डिप्लोमाच्या डिजिटल प्रयोगशाळेत हे रूपांतर बहुतेक सगळे एकदा करतात, जर्नलमध्ये सही घेतात आणि विसरतात. इथे ते एका प्रात्यक्षिकापुरतं न ठेवता सत्रभर वापरून पाहिलं. 74LS76A हा दुहेरी जेके फ्लिप-फ्लॉप, सोबत 74LS04 ही इन्व्हर्टरची चिप, पाच व्होल्टचा पुरवठा, एवढ्यावर डी आणि एसआर दोन्ही चालवले. थोडक्यात मत असं: डीचं रूपांतर भरवशाचं आहे. एसआरचं कागदावर त्याहून सोपं दिसतं, पण फसवतं तेच. आणि दोन्हीकडे गोम एकाच ठिकाणी आहे, एक्सायटेशन टेबलमधल्या X मध्ये.

आधी पद्धत, कारण अर्ध्या वह्यांमध्ये तीच उलटी लिहिलेली असते. जो फ्लिप-फ्लॉप हवा आहे त्याचं ट्रुथ टेबल घ्यायचं आणि जो हातात आहे त्याचं एक्सायटेशन टेबल, म्हणजे Q आताच्या स्थितीतून पुढच्या स्थितीत न्यायला इनपुटला काय द्यावं लागेल त्याचा तक्ता. जेकेचा डी करायचा तर डीचं ट्रुथ टेबल आणि जेकेचं एक्सायटेशन. हे अदलाबदल झालं की `D = JQ' + K'Q` असं उत्तर येतं. ते चूक नाही, पण ते डीपासून जेके बनवण्याचं उत्तर आहे.

जेकेचं एक्सायटेशन टेबल असं, यात `Q+` म्हणजे क्लॉकनंतरचा Q:

```
Q   Q+  |  J  K
0   0   |  0  X
0   1   |  1  X
1   0   |  X  1
1   1   |  X  0
```

पहिल्या ओळीत K ला X का? Q शून्य असताना शून्यच ठेवायचा, तर `J=0, K=0` दिलं की तो जैसे थे राहतो आणि `J=0, K=1` दिलं की रिसेट होतो. दोन्हीकडून शून्यच मिळतो. म्हणजे हा X जेकेच्या स्वभावातून आलाय: इथे काहीही द्या, निकाल तोच. हे नीट लक्षात ठेवा, एसआरमध्ये याच चिन्हाचा अर्थ बदलणार आहे.

डीसाठी `Q+ = D`. चार ओळी अशा होतात:

```
D  Q  Q+ |  J  K
0  0  0  |  0  X
0  1  0  |  X  1
1  0  1  |  1  X
1  1  1  |  X  0
```

के-मॅपमध्ये X गटात घेतले की `J = D` आणि `K = D'`. एक इन्व्हर्टर, काम संपलं. X ला हात लावायची भीती वाटून ते शून्य धरले तर `J = DQ'` आणि `K = D'Q` येतं. तेही बरोबर चालतं, पण दोन अँड गेट आणि आउटपुटपासून मागे येणाऱ्या दोन वायरी जास्तीच्या लागतात.

जोडणीत सगळ्यात आधी पुरवठा. या चिपचा व्हीसीसी पिन ५ वर आणि ग्राउंड पिन १३ वर आहे. सवयीने १६ आणि ८ वर दिला तर चिप चालत नाही आणि गरम होऊ शकते. पहिल्या फ्लिप-फ्लॉपसाठी क्लॉक पिन १, प्रीसेट २, क्लिअर ३, J पिन ४, K पिन १६, Q पिन १५ आणि `Q'` पिन १४. डीची वायर पिन ४ ला आणि 74LS04 च्या पिन १ ला, त्याचा पिन २ थेट जेकेच्या पिन १६ ला. प्रीसेट आणि क्लिअर लो-अ‍ॅक्टिव्ह आहेत, ते पाच व्होल्टला बांधा. मोकळे ठेवले तर टीटीएल त्यांना बहुतेक वेळा हाय समजतं, आणि ही ‘बहुतेक वेळा’ नंतर डोकं खाते: वायरला बोट लागलं की Q आपोआप बदलतो.

एलईडी Q वरून ग्राउंडला लावू नका. एलएस मालिकेचं आउटपुट हाय असताना खात्रीने जेमतेम ०.४ मिलिअँपिअर देतं, लो असताना मात्र ८ मिलिअँपिअर ओढू शकतं. म्हणून पाच व्होल्टपासून ४७० ओहम, मग एलईडी, मग पिन १४. Q एक झाला की `Q'` लो जातो आणि एलईडी व्यवस्थित पेटतो.

तपासताना डीला ०, १, १, ० या क्रमाने द्यायचं, सुरुवात क्लिअर करून. चारही संक्रमणं यात येतात, आणि तिसरी पायरी सगळ्यात बोलकी. Q एक असताना पुन्हा `D = 1` देऊन क्लॉक दिला आणि Q शून्यावर पडला, तर दोष K च्या बाजूला आहे. तो कुठला, हे असं ओळखता येतं: Q पुन्हा एकवर आणा, `D = 0` करा, क्लॉक द्या. Q शून्य झाला तर K ची वायर निघाली आहे आणि तो मोकळा राहून हाय धरला जातोय. Q एकच राहिला तर इन्व्हर्टर वगळून डी थेट K ला गेलाय, म्हणजे डीऐवजी टी फ्लिप-फ्लॉप तयार झालाय. क्लिअर करून फक्त एकदा ० आणि मग एकदा १ देऊन ‘चालतंय’ म्हणणाऱ्यांना या दोन्ही चुका दिसतच नाहीत.

वेळेचं गणितही एकदा करून ठेवा. 74LS76A ला क्लॉकच्या उतरत्या कडेआधी २० नॅनोसेकंद J आणि K स्थिर लागतात. K वाटेत इन्व्हर्टरमधून येतो, त्याचे जास्तीत जास्त १५ धरा. म्हणजे डी कडेआधी ३५ नॅनोसेकंद स्थिर हवा. त्या १५ नॅनोसेकंदांत J आणि K सारखेच असतात: डी वर चढताना दोन्ही एक, उतरताना दोन्ही शून्य. हाताने क्लॉक देताना हे कधीच जाणवणार नाही, काही मेगाहर्ट्झवर मात्र हिशेबात धरावंच लागतं.

दुकानात नुसतं ‘सेव्हन्टी-फोर सेव्हन्टी-सिक्स’ मागितलं तर साधा 7476 हाती पडू शकतो. पिना त्याच, पण आतून तो पल्सवर चालणारा मास्टर-स्लेव्ह. क्लॉक हाय असेपर्यंत त्याचा मास्टर उघडा असतो. Q एक आहे आणि त्या वेळात डी क्षणभर जरी खाली जाऊन परत आला, तरी मास्टर रिसेट होतो आणि परत सेट होत नाही, कारण J चं आतलं गेट `Q'` ने बंद केलेलं असतं. क्लॉक उतरला की Q शून्य, डी मात्र एक! ५५५ टायमरवर १० किलोओहम, ६८ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडने साधारण एक हर्ट्झचा क्लॉक घेतला तर तो अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ हाय असतो, म्हणजे डीच्या स्विचची प्रत्येक थरथर पकडायला भरपूर वेळ. साधा 7476 असेल तर डी फक्त क्लॉक लो असताना बदला. डी रूपांतरासाठी पैसे मोजायचे तर चिपवर LS छापलेलं बघूनच घ्या.

आता एसआर:

```
S  R  Q  Q+ |  J  K
0  0  0  0  |  0  X
0  0  1  1  |  X  0
0  1  0  0  |  0  X
0  1  1  0  |  X  1
1  0  0  1  |  1  X
1  0  1  1  |  X  0
1  1  0  ?  |  X  X
1  1  1  ?  |  X  X
```

उत्तर `J = S`, `K = R`. एकही गेट नाही, दोन वायरींची नावं बदलली की झालं. इथेच कुरकुर आहे. वरच्या सहा ओळींतले X ‘काहीही द्या, निकाल तोच’ या जातीचे आहेत. शेवटच्या दोन ओळींतले X म्हणजे ‘ही वेळ येणारच नाही’ असं आपण दिलेलं वचन. के-मॅप दोघांना एकाच मापाने मोजतो. वचन मोडून `S = R = 1` दिलं, तर जेके ते `J = K = 1` म्हणून वाचतो आणि टॉगल होतो.

जर्नलमध्ये मात्र या ओळीपुढे ‘अनिश्चित’ असं सर्रास लिहिलेलं असतं, आणि पुश-बटणाने क्लॉक दिला तर खरंच तसं दिसतं: कधी एक, कधी शून्य. तो अनिश्चितपणा एसआरचा नाही, बटणाचा. एका दाबात संपर्क अनेकदा जुळतो-सुटतो, तेवढ्या वेळा Q पलटतो, आणि शेवटी सम आकडा आला की विषम एवढाच प्रश्न उरतो. डीमध्ये हेच बटण निमूट चालतं, कारण प्रत्येक उसळीला तोच डी पुन्हा साठवला जातो. क्लॉक साफ करून बघा: 7400 मधले दोन नँड एकमेकांना उलटे जोडा, दुतर्फी स्विचचा मधला पाय ग्राउंडला, बाकीचे दोन एकेका नँडच्या मोकळ्या इनपुटला, तिथे प्रत्येकी ४.७ किलोओहम पाच व्होल्टकडे. मग `S = R = 1` ला Q दर क्लॉकला नेमका एकदा पलटतो.

म्हणून हा एसआर मोटर चालू-बंद किंवा अलार्म धरून ठेवण्यासारख्या कामाला लावायचा असेल, तर त्या दोन ओळी X ठेवू नयेत असं स्पष्ट मत आहे. काय व्हायला हवं ते आधी ठरवा. दोन्ही एकदम आले तर बंदच व्हावं असं ठरवलं, की `Q+` दोन्ही ओळींत शून्य. एक्सायटेशन टेबलवरून सातवी ओळ `J=0, K=X`, आठवी `J=X, K=1`. के-मॅप पुन्हा सोडवला की `J = SR'` आणि `K = R`. एक इन्व्हर्टर आणि 74LS08 मधलं एक अँड गेट वाढतं, बदल्यात टॉगल जातो. उलट, सेट जिंकावा असं हवं असेल तर `J = S`, `K = S'R`.

7474 हा तयार डी फ्लिप-फ्लॉप सहज मिळत असताना जेकेचा डी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. चिपमधल्या दोनपैकी एक जेके उरला असेल तेव्हाच हे परवडतं. पण 7474 च्या जागी हा बसवताना एक पाहा: 7474 चढत्या कडेवर साठवतो, हा उतरत्या कडेवर. सरळ बदलला तर माहिती क्लॉकचा हाय भाग संपेपर्यंत उशिरा पोचते आणि पुढच्या टप्प्याचा मेळ चुकतो. क्लॉकच्या वाटेत 74LS04 मधला आणखी एक इन्व्हर्टर घाला, सहापैकी पाच रिकामेच पडलेले असतात.