चाळीस हजार की बावीस हजार? शेवटच्या सेमची इंटर्नशिप निवडताना

माझ्या मावसभावाला डिसेंबरमध्ये एकाच आठवड्यात दोन इंटर्नशिप आल्या, दोन्ही पुण्यातच, दोन्ही जानेवारी ते जून. तो कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक खराडीतली मोठी परदेशी कंपनी, स्टायपेंड ४० हजार. दुसरी बाणेरमधली साठेक माणसांची सॉफ्टवेअर कंपनी, स्टायपेंड २२ हजार. घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी एका मिनिटात खराडी ठरवून टाकलं. मी म्हटलं थांबा, आधी हिशोब मांडू.

पहिलं स्टायपेंड. कागदावर १८ हजारांचा फरक दिसतो. पण पोरगा राहतो कोथरूडला मामाकडे. बाणेरला तो घरून जाऊ शकतो, बस आणि दुपारचं खाणं धरून ४ हजार लागतील, म्हणजे हातात १८ हजार. खराडीला शिफ्ट उशिरा संपते, रोज कोथरूडहून जाणं-येणं शक्यच नाही, पीजी घ्यावं लागणार, जेवणासकट सगळं मिळून १४ हजार. वर ती कंपनी स्टायपेंडवर १० टक्के टीडीएस कापते, म्हणजे ४ हजार आणखी गेले. ते बुडत नाहीत, वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मिळतात, पण मिळणार पुढच्या आर्थिक वर्षात, भाडं मात्र याच महिन्यात द्यायचंय. उरले २२ हजार. म्हणजे हातातला फरक महिना ४ हजार, अठरा नाही.

आता पॅकेज. खराडीचं ९ लाख, बाणेरचं ६ लाख, पीपीओ म्हणजे इंटर्नशिपनंतर तिथेच कायम नोकरीची ऑफर मिळाली तर. ९ लाखांची फोड मागून घेतली तर त्यात १ लाख जॉइनिंग बोनस (वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा) आणि ५० हजार व्हेरिएबल, म्हणजे दरमहा नक्की न मिळणारा भाग, निघाला. त्यातून दोन्ही बाजूंचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी काढली की महिन्याला हातात साधारण ५७ हजार. बाणेरचं सगळं फिक्स्ड, तिथे साधारण ४५ हजार. फरक आहेच, नाही म्हणत नाही, पण तो महिना १२ हजारांचा आहे, ३ लाख भागिले बारा करून २५ हजार दिसतो तसा नाही.

पण खरा प्रश्न पीपीओ मिळणार का हा, आणि इथेच सगळ्यात जास्त गोलमाल असतो.

खराडीच्या एचआरने प्री-प्लेसमेंट टॉकमध्ये सांगितलं, आमचं कन्व्हर्जन ७० टक्के, म्हणजे शंभरातल्या सत्तर इंटर्नना नोकरी. आकडा खोटा नसेलही, पण भागलाय कशाने ते विचारा. भावाने मागच्या बॅचच्या चार सीनियर्सना वेगवेगळं गाठलं आणि तीनच प्रश्न विचारले: पहिल्या दिवशी किती जण जॉइन झाले, जूनमध्ये किती जणांना लेटर आलं, आणि जुलैमध्ये खरोखर किती जण कामावर आले आणि तेही ठरलेल्याच पगारावर. उत्तर आलं, ४० जॉइन, ११ लेटर. मग ७० कुठून आले? तर चाळीसपैकी शेवटच्या रिव्ह्यूला फक्त १६ जणांना बसवलं होतं. मधेच सोडून गेलेले, ज्यांची टीमच बंद झाली ते, आणि ज्यांना "अजून तीन महिने इंटर्न राहा" म्हणाले ते, असे सगळे हिशोबातून बाहेर. ११ भागिले १६ म्हणजे सत्तरच्या आसपास. ११ भागिले ४० म्हणजे २७-२८ टक्के. जॉइन होणाऱ्या पोरासाठी दुसराच आकडा खरा, कारण तो त्या चाळिसातला एक असणार आहे, सोळातला असेल की नाही ते कुणालाच माहीत नाही.

बाणेरचं उलट. दोन वर्षांत पाच इंटर्न, चौघांना नोकरी. ८० टक्के म्हणायला छान वाटतं पण पाच माणसांवरून टक्केवारी काढूच नये, एक जण इकडचा तिकडे झाला की साठ होतात. मी त्याला सांगितलं, तू याला निम्मं धर, त्याहून जास्त नाही. मात्र ते चौघंही अजून तिथेच काम करतात हे लिंक्डइनवर दिसतं, आणि माझ्या मते टक्क्यापेक्षा ही गोष्ट जास्त वजनाची आहे. हे कुणालाही तपासता येतं, कंपनीच्या पेजवर पीपलमध्ये जायचं, आपलं कॉलेज टाकायचं आणि मागच्या वर्षी इंटर्न असलेल्यांचं जुलैनंतर काय झालं ते एकेकाच्या प्रोफाइलवर बघायचं, अर्ध्या तासाचं काम आहे.

ऑफर लेटरमधलं एक वाक्य नीट वाचा. खराडीच्या लेटरमध्ये होतं, पीपीओ परफॉर्मन्स आणि बिझनेस रिक्वायरमेंटवर अवलंबून. पहिला शब्द तुमच्या हातात आहे, दुसरा नाही. दुसऱ्याचा अर्थ त्या टीमला नवीन माणूस घ्यायची मंजुरी आहे की नाही, आणि ती नसेल तर मॅनेजर कितीही खूश असला तरी काही करू शकत नाही. म्हणून इंटरव्ह्यू संपताना मॅनेजरला नम्रपणे विचारायचं, सर या जागेसाठी जुलैचा हेडकाउंट अप्रूव्ह झालाय का? बाणेरवाल्यांनी सरळ सांगितलं, दोन इंटर्न घेतोय, जागा दोन आहेत. खराडीत उत्तर आलं, ते एप्रिलनंतर बघू.

आणि हे एप्रिलनंतरचं प्रकरण मला सगळ्यात जास्त खटकलं. कॅम्पसचा मोठा सीझन ऑगस्ट ते डिसेंबर. त्याच्या कॉलेजात नियम असा की सहा महिन्यांची इंटर्नशिप स्वीकारली की उरलेल्या ड्राइव्हजना बसता येत नाही. म्हणजे जूनच्या शेवटी "सॉरी" आलं तर कॅम्पस संपलेला, स्टायपेंड थांबलेला, आणि पुढची बॅच दाराशी. तिसऱ्या वर्षानंतरची दोन महिन्यांची समर इंटर्नशिप याच बाबतीत बरी, तिचा निकाल बहुतेक वेळा ऑगस्टच्या आधी लागतो, नाही झालं तर अख्खा सीझन समोर असतो. शेवटच्या सेमला तशी सोय नाही, त्यामुळे निकाल कधी कळणार ती तारीख स्टायपेंडइतकीच महत्त्वाची. भावाने दोन्हीकडे मेल करून तारीख मागितली. बाणेरने ३० एप्रिल लिहून दिली, खराडीकडून आलं की पॉलिसीप्रमाणे इंटर्नशिप संपल्यावर.

मग खराडी कुणी घ्यावी? ज्याच्या हातात आधीच एकदम शेकडो पोरं घेणाऱ्या एखाद्या मास रिक्रूटरचं लेटर आहे आणि कॉलेज ते ठेवू देतं, त्याने खुशाल घ्यावी, कारण पडला तरी खाली गादी आहे, आणि मोठ्या टीमचं काम, तिथली कोड रिव्ह्यूची शिस्त बायोडेटावर दिसतेच. माझ्या भावाकडे दुसरं लेटर नव्हतं आणि घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होणार होता.

ग्रुपवर कुणीतरी पीएम इंटर्नशिप स्कीमही टाकली होती. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हाच्या नियमांप्रमाणे ती फुल टाइम शिकणाऱ्यांसाठी नव्हतीच, १२ महिने, महिना ५ हजार, आणि नोकरीची हमी नव्हती, त्यामुळे या तुलनेत ती बसली नाही.

त्याने बाणेर घेतली. जॉइन झाल्यावर काय बघायचं तेही ठरवलंय: पहिल्या महिन्यात खऱ्या रेपोचा, म्हणजे कंपनीच्या कोडसाठ्याचा, अ‍ॅक्सेस मिळतो का, तिसऱ्या महिन्यापर्यंत स्वतःचा कोड प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात तिथे, जातो का, आणि मार्चमध्ये मिड-टर्म रिव्ह्यू लेखी होतो का. मार्च संपेपर्यंत नुसतं टेस्टिंगचं एक्सेल भरत बसवलं तर ३० एप्रिलची वाट न बघता बाहेर ऑफ-कॅम्पस अर्ज सुरू करायचे, एवढं आमचं ठरलंय.