मुदतवाढीचं पत्र: बदलांची पूर्ण यादी जोडावी, की तारीख हलवणारे दोनच बदल दाखवावेत?

क्लायंटकडे मुदतवाढ मागायची वेळ आली की दोन तऱ्हेची पत्रं लिहिता येतात. एकात ट्रॅकरमधले सगळे बदल काढून त्यांच्या तासांची बेरीज मांडायची. दुसऱ्यात, ज्या बदलांमुळे शेवटची तारीख खरोखर सरकली तेवढेच घ्यायचे आणि ती कशी सरकली हे तारखेनिशी दाखवायचं. मी दोन्ही पत्रं एकाच कामासाठी, एकाच शेठजींना पाठवली आहेत, म्हणून फरक सांगता येईल.

काम होतं रावेर भागातल्या एका केळी व्यापाऱ्याच्या सॉफ्टवेअरचं: शेतकऱ्याची खरेदी-पट्टी, गाडी भरणं आणि उधारी. आम्ही दोघं जळगावात बसून ते करत होतो. १० जून २०२४ ला सुरुवात आणि ३१ ऑगस्टला काम ताब्यात देणं, असं कागदावर ठरलं होतं. जुलै संपेपर्यंत ट्रॅकरमध्ये मंजूर बदलांच्या १४ नोंदी झाल्या. त्यांचे एकूण तास १२६.

पहिलं पत्र ५ ऑगस्टला गेलं. हिशेब सरळ होता: दोन माणसं, प्रत्येकी रोजचे सहा तास, म्हणजे दिवसाला १२ तास, १२६ तासांचे साडेदहा दिवस. सोबत १४ ओळींचा तक्ता. शेठजींनी तो पेन घेऊन वाचला आणि फोन केला, "भाऊ, पट्टीवरचं नाव मोठं करायला तीन तास लागले, हे मान्य. पण त्यानं तारीख कशी काय पुढं गेली?" मला उत्तर देता आलं नाही, कारण ती गेलीच नव्हती. ते काम माझ्या जोडीदारानं उधारीचा भाग करता करता उरकलं होतं. एका ओळीवर विश्वास उडाला की बाकीच्या तेरा ओळींवर घासाघीस सुरू होते, आणि ती झालीच. त्या फोनअखेर साडेदहा दिवसांचे पाच उरले होते.

तासांच्या बेरजेची अडचण दोन्ही बाजूंनी आहे. बाजूला समांतर झालेलं काम ती मोजते, आणि थांबून राहिलेले दिवस ती मोजतच नाही, कारण वाट पाहण्याचे तास कुणी ट्रॅकरमध्ये भरत नाही. आमचे सगळ्यात महागडे दिवस नेमके तेच होते.

दुसरं पत्र लिहिताना आधी एकच प्रश्न ठेवला: ३१ ऑगस्टच्या आधी शेवटी काय पुरं व्हायचं होतं? पट्टीचा हिशेब आणि त्याची चाचणी. मग जे बदल या साखळीला लागले नाहीत ते बाजूला काढले. १४ पैकी दोनच उरले.

ट्रॅकरमधली नोंद KELI-41, २ जुलै. शेठजींनी नवती, पिलबाग आणि कांदेबाग या तीन तऱ्हेच्या केळीचे भाव वेगळे ठेवायला सांगितले. मूळ कामात एका दिवसाला एकच भाव होता. वरून बदल छोटा दिसतो, पण भावाचा तक्ताच डेटाबेसमध्ये नव्यानं मांडावा लागला आणि त्यावर उभा असलेला पट्टीचा हिशेब पुन्हा लिहावा लागला. ५ दिवस.

KELI-47, १८ जुलै. घडाच्या दांड्यापोटी वजनातली कपात टक्क्यांऐवजी क्विंटलमागे ठरावीक किलोनं करायची ठरली. नमुन्याच्या जुन्या पट्ट्या आम्ही त्याच दिवशी मागितल्या. त्या २५ जुलैच्या संध्याकाळी मिळाल्या. रविवार सोडून ६ दिवस. यातले २ दिवस आम्ही गाडी भरण्याचं काम पुढं ओढलं, आणि एक दिवस आमचाच चाचणीचा सर्व्हर बंद होता. ते तीन वजा केले, राहिले ३. प्रत्यक्ष बदलाला २ दिवस आणि पट्टीची चाचणी पहिल्यापासून करायला आणखी २.

एकूण १२ दिवस. म्हणजे बदल कमी दाखवूनही मागणी दीड दिवसानं जास्त निघाली. पत्रातला मुख्य परिच्छेद असा होता:

"KELI-41 आणि KELI-47 या आपण मंजूर केलेल्या दोन बदलांमुळे पट्टीच्या हिशेबाचं काम १२ कामाचे दिवस पुढं गेलं आहे. आमच्या सर्व्हरमुळे गेलेला १ दिवस यात धरलेला नाही. रविवार, पोळा (२ सप्टेंबर) आणि गणेश चतुर्थी (७ सप्टेंबर) वगळता नवी तारीख १७ सप्टेंबर येते. बाकीचे १२ बदल मूळ वेळेतच बसवले आहेत. त्यांच्यासाठी मुदतवाढ मागत नाही."

स्वतःचा एक दिवस कबूल करावा की नाही, यावर आमच्यात वाद झाला. मी ठाम होतो आणि आजही आहे. तो दिवस लपवला असता आणि त्यांना कळला असता, तर उरलेले बारा सिद्ध करत बसावं लागलं असतं.

आता पुराव्याचं. आमचा ट्रॅकर म्हणजे जिरा. त्यात नोंद कधी तयार झाली ती तारीख नंतर बदलता येत नाही आणि नोंदींचे क्रमांक ओळीनं पडतात. KELI-40 आणि KELI-42 रोजच्या कामाच्या असल्या की मधली ४१ मागाहून घुसवलेली नाही हे दिसतं. तास मात्र मागची तारीख टाकून भरता येतात. म्हणून तासांवर उभं असलेलं पत्र मुळातच कच्चं. मंजूर बदल असे निघतात:

```
project = KELI AND labels = badal
AND status CHANGED TO "Approved"
ORDER BY created ASC
```

यातून आलेल्या सगळ्या नोंदी पत्राच्या आदल्या आठवड्यातल्या असतील, तर दुसरं पत्र पाठवू नका. समोरचा त्याला जुळवाजुळवच म्हणेल. शिवाय "Approved" हे आपणच दाबलेलं बटण असतं. शेठजी ट्रॅकर उघडत नाहीत, ते व्हॉट्सॲपवर "हो, करा" लिहितात. तो संदेश त्याच दिवशी नोंदीत चिकटवलेला असेल तरच मंजुरी त्यांची ठरते. आमच्या ४१ मध्ये तो होता. ४७ मध्ये नव्हता, तो ऑगस्टमध्ये शोधून लावावा लागला आणि पत्रात तसं लिहावं लागलं.

मग पूर्ण यादीचं पत्र कधी पाठवावं? कामाचे पैसे तासावर ठरले असतील तर तेच बरोबर, कारण तिथं प्रत्येक तास बिलात जातो. आणि जिथं एकही मोठा बदल नाही, पण पाच माणसं रोज काहीतरी बारीक सांगतात, तिथं साखळी दाखवता येत नाही. तिथं आठवड्यागणिक किती बदल आले आणि ठरलेलं किती काम मागं राहिलं, हे यादीसकट मांडावं. तारीख ठरलेली, रक्कम ठरलेली आणि उशिराला दंड असेल, तर मी दुसरंच पत्र निवडेन.

दोन्ही पत्रांत एक ओळ हवीच: "नवी तारीख मान्य असल्यास या पत्राला 'मान्य' असं उत्तर द्यावं." भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ नुसार मुदत वाढवून देणं हे ज्याला काम मिळायचं आहे त्याच्या हातात आहे, आपण नुसतं कळवल्यानं तारीख बदलत नाही. आमचं दुसरं पत्र १० ऑगस्टला गेलं, १३ तारखेला उत्तर आलं: "१७ मान्य. पण कांदेबागेचे भाव आधी दाखवा." ते उत्तरही लगेच KELI-41 मध्ये चिकटवलं.