बॅटरी घेताना "एस्टिमेट"वर भागवू नका, आमच्या घरी काय झालं ते वाचा

चोपड्याकडं उन्हाळ्यात लाईट गेली की घरात बसवत नाही म्हणून सासऱ्यांनी मागच्या मार्चमध्ये इन्व्हर्टरची बॅटरी घेतली, साडेचौदा हजाराची. पक्कं बिल मागितलं तर दुकानदार म्हणे, "आबा, बिल काबर पाहिजे, जीएसटी वरून लागीन, दुकान आपलंच शे ना." आणि एक चिठ्ठी दिली. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे एमआरपीच्या वर जीएसटी मागताच येत नाही, पण म्हाताऱ्या माणसाला असं बोलून गप्प करतात याचा मला अजून राग येतो.

पोरीला नववीत नागरिकशास्त्राचा प्रकल्प होता, घरातली बिलं आणि वॉरंटी कार्डं तपासायची. ती चिठ्ठी बघून तिनंच सांगितलं की मम्मी यावर "एस्टिमेट" छापलंय, जीएसटी नंबर नाही, बॅटरीचा सिरीयल नंबर नाही, आणि वॉरंटी कार्डवर ना तारीख ना शिक्का.

घेतल्यापासून अकराव्या महिन्यात बॅटरी बंद पडली. वॉरंटी अठरा महिन्यांची, पण जळगावच्या सर्व्हिस सेंटरवाल्यानं सिरीयल नंबर टाकला आणि म्हणाला बिल नसेल तर आम्ही बॅटरी बनल्याच्या तारखेपासून मोजतो, तुमची संपली. तेव्हा कळलं की दुकानदारानं कितीतरी महिने पडून असलेला माल खपवला होता आणि तारखेचं बिल दिलं असतं तर वॉरंटीचा भार त्याच्यावर आला असता, म्हणून ती चिठ्ठी.

पैसे यूपीआयनं दिले होते हे आमचं नशीब, त्या एन्ट्रीत तारीख, रक्कम, दुकानाचं नाव सगळं होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर फोन केला, मराठीत बोलले, तक्रारीचा नंबर मिळाला. ही हेल्पलाईन तक्रार कंपनीकडं पाठवते, पण हुकूम देऊ शकत नाही, हे लक्षात ठेवा. दुकानदाराला रजिस्टर पोस्टानं लेखी नोटीसही पाठवली, त्यात लिहिलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, पंधरा दिवसांत बॅटरी बदलून द्या नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. तिथं पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, आणि दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी आपण राहतो तिथं तक्रार करता येते, फक्त कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची.

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. कंपनीनं यूपीआयची तारीख धरली आणि बॅटरी बदलून दिली.

आता बॅटरी, फ्रिज, कूलरची मोटर काहीही घ्या, दुकानातून निघायच्या आधी बिलावरचा सिरीयल नंबर आणि वस्तूवरचा नंबर तिथंच जुळवून बघा, वॉरंटी कार्डवर तारीख आणि शिक्का मारून घ्या आणि दोन्हींचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, कारण थर्मल कागदावरचं बिल आपल्या उन्हात वर्षभरात कोरं होऊन जातं.