आधी तबला की आधी पेटी? अकरा महिने वापरून, एक पुडी फाडून

मुलगा आठ वर्षांचा. डब्यांवर, टेबलावर, शाळेच्या दप्तरावर सतत ठेके धरायचा, म्हणून गेल्या जूनमध्ये आम्ही आधी तबला घेतला. साडेपाच इंची तोंडाचा, जुना पण चांगल्या लाकडाचा, डग्गा-चुंबळीसकट. पेटी नंतर बघू, म्हटलं. दोन्ही एकदम घ्यायची ऐपत आणि इच्छा दोन्ही नव्हती. पहिला महिना मी भेटेल त्याला 'तबलाच आधी घ्या' सांगत होतो. पंधरा दिवसांत पोरगं तीनतालाचा ठेका टाळी-खालीसकट बरोबर म्हणत होतं.

मग नाशिकचा पाऊस लागला. इंदिरानगरच्या आमच्या तळमजल्यावर जुलैत भिंतींनाही ओल येते, तिथे कातड्याचं काय! रात्री गवसणीत ठेवलेला तबला सकाळी उतरलेला असायचा. 'ना' वाजवला की खणखणीत आवाजाऐवजी थप्प. क्लासमध्ये गुरुजी दोन मिनिटांत लावून द्यायचे, घरी मात्र हातोडी माझ्या हातात. आणि मला स्वर कुठे कळतो? मुलगा म्हणायचा, "बाबा, क्लाससारखा वाजत नाहीये." एवढंच त्यालाही कळायचं.

ऑगस्टमध्ये माझ्या आईने ठरवलं की गणपतीत ती भजन म्हणणार आणि नातू साथ करणार. तिचा स्वर काळी चार. मी फोनवरच्या तानपुऱ्यात G# लावलं आणि तबला तिथपर्यंत चढवायला बसलो. कातड्याच्या कडेच्या गजऱ्यावर वरून ठोकलं की स्वर चढतो, खालून ठोकलं की उतरतो, आणि एक घर ठोकलं की लगेच समोरचं ठोकायचं, एवढं माहीत होतं. थोडा चढला, पुढे हलेना, म्हणून वादीखालचे लाकडी गट्टे खाली ठोकले. दोन-तीन पट्ट्या वर गेला असेल. मग फट्ट! वरच्या कातड्याला, म्हणजे पुडीला, काठाच्या चाटेपासून मधल्या काळ्या शाईपर्यंत चीर.

रविवार कारंज्याजवळ पुडी चढवून देणाऱ्या कारागिरांकडे गेलो. पुडीचे आणि मजुरीचे मिळून साडेनऊशे गेले, ते अजून दुखतात. पण त्यांनी विचारलेला प्रश्न त्याहून लागला: "साहेब, घरी पेटी नाही का?"

त्यांनी स्वतःची पेटी पुढे ओढली. काळी चारवर बोट ठेवलं, म्हणाले, हा आईंचा सा. आता एकेक पट्टी वर मोजा: पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात, पांढरी एक, काळी एक. पाचवी पट्टी म्हणजे त्यांचा शुद्ध मध्यम, आणि हा तबला मुळात काळी एकचाच. तो सा-ला लावायचाच नव्हता, मध्यमाला लावायचा. खरोखर खालच्या काळी चारचा तबला हवा असेल तर तोंड बरंच मोठं लागतं. मी सात पट्ट्या वर चढवायला निघालो होतो.

म्हणजे जो स्वर मी कानाने शोधत होतो तो पेटीवर डोळ्यांनी मोजता येत होता. गणपतीआधी मामांच्या माळ्यावरची पेटी आणली. भाता उंदरांनी कुरतडलेला, दोन पट्ट्या अडकत होत्या, दुरुस्तीला पैसे गेलेच. तेव्हापासून माझं मत उलटं झालं: घरात तबला लावणारं कोणी नसेल तर आधी पेटी. पेटीचा स्वर रोज सकाळी उतरत नाही.

पण डिसेंबरपर्यंत पेटीचीही खोड कळली. मुलगा भूप राग वाजवायला लागला, छान वाजवायचा, आणि गाताना पट्टीकडे बघायचा. मी पट्ट्यांवर रुमाल टाकला तर धैवत गडबडला. बोट बरोबर पडलं की स्वर बरोबर येतोच, त्यामुळे गळा मागून ढकलल्यासारखा चालतो. गुरुजींनी उपाय दिला: भाता हलवत फक्त सा धरायचा, सरगम गळ्याने म्हणायची आणि शेवटच्या स्वरावर थांबल्यावरच ती पट्टी दाबून पडताळायची. आता चुकलं की त्याचं त्यालाच कळतं.

भुपाने अजून एक घोळ घातला. मुलगा आजीच्याच काळी चारमध्ये गातो, आणि भुपात मध्यमच नाही. म्हणजे मध्यमाला लावलेला तबला तिथे खुपतो. पंचमाला लावायचा तर काळी दोनपर्यंत चढवायला हवा. साडेपाच इंचाला तेवढा ताण देऊ नका, असं कारागिरांनी बजावलंय. म्हणून भूप नुसत्या पेटीवर, आजीचं भजन तबल्यावर.

नवी पुडी धरून आहे. कोरड्या दिवसांत तबला उलट चढतो, तेव्हा खालून हलकेच ठोकतो. आधी पेटीवर काळी एक दाबून मुलगा "अजून थोडा, बाबा" म्हणतो, मग मी हातोडी उचलतो. गट्ट्यांना हात लावायला मला घरात बंदी आहे.