चिनी रिमोट टूलमध्ये 允许 म्हणजे परवानगी दाबण्याआधी हे वाचा

मंडळी, शेन्झेनमधल्या आमच्या ऑफिसात घडलेलं सांगतोय, चीनमध्ये नोकरीला असाल तर नीट वाचा, आमच्या पुण्याच्या कस्टमरचे 4,200 डॉलर गेलेत.

वीचॅटवर फायनान्सच्या मुलीचा मेसेज आला, तुझ्या खर्चाच्या फॉर्ममध्ये चूक आहे, मीच दुरुस्त करते, रिमोटचा कोड दे. इथे हे रोजचंच, आयटीवाले टेबलाशी येतच नाहीत, रिमोट टूलने लांबूनच पीसी चालवतात, म्हणून संशय यायचं कारणच नव्हतं. मेसेज तिच्या अकाउंटवरूनच होता, पण अकाउंट चोरलेलं, हे नंतर कळलं. कोड आणि तात्पुरता पासवर्ड दिला, 请求远程控制 म्हणून विंडो आली, म्हणजे समोरचा कंट्रोल मागतोय, 允许 दाबलं. फॉर्म खरंच भरला गेला हो!

मग म्हणे, सारखं सारखं परवानगी नको, एवढं चालू कर, आणि कर्सर जाऊन थांबला 无人值守 वर. याचा अर्थ तुम्ही जागेवर नसताना कायमच्या पासवर्डने मशीनमध्ये शिरता येतं. तात्पुरता पासवर्ड बदलला तरी हा वेगळा असतो, तो राहतोच. पासवर्ड तिकडूनच टाइप झाला, पुढे विंडोजने विचारलं की या अ‍ॅपला बदल करू द्यायचे का, 是 म्हणजे हो केलं. काम संपल्यावर विंडोचा X दाबला, पण X ने टूल बंद होत नाही, खाली घड्याळाशेजारी जाऊन बसतं.

संध्याकाळी पीसी चालूच ठेवून घरी, स्क्रीन लॉक नाही, मेल उघडा. रात्री तो चोर पीसीत शिरला, 隐私屏 चालू केलं, यात आपल्याकडचा मॉनिटर काळा दिसतो त्यामुळे रात्रपाळीच्या वॉचमनलाही पीसी झोपलाय असंच वाटलं असणार, आणि माझ्या मेलवरून कस्टमरला नवा बँक अकाउंट नंबर असलेलं इन्व्हॉइस गेलं. पाठवलेला मेल डिलीटसुद्धा केला. टूलमधल्या 连接记录 मध्ये, म्हणजे कनेक्शनच्या नोंदीत, अनोळखी डिव्हाइस आणि रात्रीची वेळ दिसली तेव्हा उलगडा झाला.

आता आमच्याकडे फॉर्म दाखवायचाच असेल तर नुसती स्क्रीन शेअर करतात, माउस आपल्याच हातात. कंट्रोल दिलाच तर फाइल ट्रान्सफर आणि क्लिपबोर्डच्या टिका काढायच्या, आणि आधी त्या माणसाला ऑफिसच्या एक्स्टेन्शनवर फोन करायचा, वीचॅट कॉलवर नाही. काम झालं की 无人值守 बंद आहे ना ते बघायचं, आयकॉनवर राइट क्लिक करून 退出 म्हणजे एक्झिट, मग Win+L.

आणि असं झालंच तर पहिल्यांदा नेट काढा, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, चिनी पोलिसांच्या 110 ला फोन करा. आम्ही पोलिसांत गेलो तोवर पैसे त्या अकाउंटमधून पुढे गेलेले. केस चालू आहे, आणि पुण्याचे साहेब आता फोनवर अकाउंट नंबर दोनदा वाचून घेतल्याशिवाय एक रुपया सोडत नाहीत.